मदत हवी आहे: वाढदिवसांची आठवण आठवडाभर आधी देणारे अ‍ॅप

नातेवाइकांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस लक्षात ठेवण्यासाठी मला अँड्रॉइड फोनवर चालणारी व्यवस्था हवी आहे. सर्व तारखा एका तक्त्यात नीट लिहिलेल्या आहेत. तो तक्ता सीएसव्ही फाइल म्हणून कॅलेंडरमध्ये घेतला, तेव्हा प्रत्येक नोंद एकाच वर्षापुरती आली, कारण त्या फाइलीत दरवर्षी पुनरावृत्ती सांगण्याची सोय नसते. म्हणून आयसीएस फाइल तयार केली. तिच्यात `RRULE:FREQ=YEARLY` लिहिल्यावर नोंदी दरवर्षी येऊ लागल्या, मात्र २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या आत्याचा वाढदिवस केवळ लीप वर्षातच दिसे. तिच्यासाठी फेब्रुवारीचा शेवटचा दिवस धरणारी ही ओळ वापरली:

```
RRULE:FREQ=YEARLY;BYMONTH=2;BYMONTHDAY=-1
```

तारखांचा प्रश्न त्याने सुटला, आठवणीचा नाही. आयात केलेल्या नोंदींना कॅलेंडरची ठरलेली एकच सूचना लागते. मला मात्र एक सूचना सात दिवस आधी (भेटवस्तू पाठवायला तेवढा अवधी लागतोच) आणि दुसरी त्या दिवशी सकाळी हवी आहे. प्रत्येक नोंद उघडून हे बदलणे जिकिरीचे आहे. वाढदिवसांसाठीचे एक स्वतंत्र अ‍ॅपही वापरून पाहिले, पण बॅटरी बचतीतून वगळूनही त्याच्या सूचना उशिरा येत, शिवाय ते संपूर्ण संपर्कयादी मागत होते, जी मला द्यायची नाही. पैसे मोजायची तयारी आहे.

तेव्हा, फाइलीतून तारखा घेणारे, सर्व नोंदींना एकदम दोन सूचना लावू देणारे आणि संपर्कयादी न मागणारे अ‍ॅप कोणी प्रत्यक्ष वापरत आहे का?