आडनाव कुलकर्णी, कुलदैवत कोणतं?

नवरामुलगा: पुढच्या महिन्यात लग्न. गुरुजींनी गोत्र, कुलदैवत आणि कुलस्वामिनी विचारलीय. आजोबा गाव सोडून पुण्यात आले आणि बाबा लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात कुणालाच माहीत नाही. आडनावावरून काढता येतं का? माझं मत विचाराल तर 'काश्यप' म्हणावं आणि मोकळं व्हावं. कुणाचं काय अडतं?

भाऊसाहेब: सोपं आहे. कुलकर्णी म्हणजे देशस्थ, आणि देशस्थांची देवी तुळजाभवानी. तुळजापूर लिहा.

सुमनमावशी: भाऊसाहेब, तुळजापूर बऱ्याच देशस्थांचं आहे, पण कुलकर्णी हे काही कुळ नव्हे. ते गावच्या दप्तराचं वतन. ते देशस्थांकडे होतं, कऱ्हाड्यांकडे होतं, सीकेपींकडेही होतं. आमच्या वाड्यात दोन कुलकर्णी बिऱ्हाडं होती. एकांचा खंडोबा, दुसऱ्यांची माहूरची रेणुका. त्यांच्यात सोयरीकही झाली.

आता शोधायचं कसं. आधी देवघरातले टाक खाली घे. घोड्यावर बसलेला, हातात तलवार, सोबत म्हाळसा, तर तो खंडोबा. आठ हातांची, महिषासुराला मारणारी, तर बहुधा भवानी. पण टाकांवर विसंबून राहू नकोस, त्यात पूर्वजांचे टाकही असतात. मग आजोबांच्या किंवा आत्याच्या लग्नाची पत्रिका मिळते का बघ. अगदी वर 'श्री अमुक प्रसन्न' छापलेलं असतं, आणि तिथे बऱ्याचदा कुलस्वामिनीच असते.

तरीही नाही कळलं तर तुमचं दहा दिवसांचं सुतक कोण धरतं ते विचार. तेच भाऊबंद. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला नवरात्रातला नैवेद्य विचार, आणि तो कुठे पाठवायचा तेही. शेवटी त्र्यंबकेश्वर. तीर्थोपाध्यायांच्या वह्या मूळ गावावर लावलेल्या असतात, आडनाव नंतर. गाव माहीत नसेल तर हात हलवत परत याल.

माझ्या सासरचंच सांगते. वहीत पणजोबांच्या हातची नोंद निघाली, आडनाव जोशी! त्यांना कुलकर्ण्यांनी दत्तक घेतलेलं. आडनाव बदललं, गोत्रही दत्तक घराचं लागलं, पण जन्मघरच्या देवाचा टाक त्यांनी सोडला नाही. म्हणून आमच्याकडे दोन देव्या. चाळीस वर्षं मी दोन नैवेद्य दाखवत होते आणि का ते कुणाला सांगता येत नव्हतं.

मोरपीस: आमच्यात गोत्रापेक्षा देवक बघतात. आम्ही मोरे, आमचं देवक मोराचं पीस. माझ्या चुलतबहिणीची सोयरीक याच्यावर मोडली. मुलाकडचं आडनाव निराळं, पण मांडवात देवक मोरपिसाचंच. फलटणचे निंबाळकर स्वतःला मूळचे पवार मानतात, म्हणून पवारांशी सोयरीक करत नाहीत. नवरदेवा, तुझं देवक काय?

नवरामुलगा: दादा, ते कोणी विचारलेलंच नाही.

बिनगोत्राची: मोडली ना सोयरीक? मग नवरामुलगा काय चूक बोलतोय? सगोत्र विवाह 1946 च्या कायद्यापासून वैध आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या पानाफुलावरून मुलीचं लग्न मोडायचं, आणि आईचं कुलदैवत कोणतं ते कुणी विचारतही नाही.

सुमनमावशी: कायद्याचं खरं आहे. पण सपिंडाची, म्हणजे जवळच्या रक्तनात्यात लग्न नको ही अट कायद्यातही आहे, वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. आमच्या पणजोबांसारखं दत्तक प्रकरण असेल तर जन्मघरचं नातंही मोजावं लागतं, आणि ते आडनावावरून दिसत नाही. सोयरीक मोडणं मात्र मलाही पटत नाही. आणि आईचं देव? माझ्या माहेरचा मी कधी सोडला नाही, कुणाची परवानगीही घेतली नाही.

फोंड्याचा: आमच्यात उलट. आडनाव गावावरून पडलं, पण देव गावात राहिला नाही. मंगेश कुशस्थळीहून 1560 मध्ये प्रियोळला नेला. माणसं आणखी लांब गेली, आडनावं बदलली. अजून देवळात 'कुळावी कोण', म्हणजे या देवाच्या कुळांपैकी कोण, हेच विचारतात, आडनाव नव्हे.

भाऊसाहेब: मग काश्यप चालेल की नाही?

सुमनमावशी: गोत्र ठाऊकच नसेल तर संकल्पात काश्यप म्हणायची रीत आहे, गुरुजी अडवणार नाहीत. देवीला अशी सोय नाही. लग्नानंतर ओटी कुठे भरायला न्यायची, गोंधळात पहिली हाक कुणाला, हे काश्यप म्हणून सुटत नाही.

बिनगोत्राची: ओटी नाहीच भरली तर?

नवरामुलगा: आत्याकडे पत्रिका सापडली. वर 'श्री गजानन प्रसन्न' एवढंच. खाली मात्र मूळ गाव आहे, बार्शीजवळचं. शनिवारी त्र्यंबकला निघतोय. सोबत आई येतेय, आणि ती म्हणते तिच्या माहेरचीही वही बघायची.