शाडूच्या मूर्तींच्या पोस्टमध्ये ‘चार तासांत पूर्ण विरघळते’ असे लिहावे का? सल्ला हवा आहे

डोंबिवलीची_माती
नमस्कार. मी गेली चार वर्षे घरीच शाडूच्या मूर्ती घडवते आणि सोबत पुठ्ठ्याची व कापडाची मखरेही विकते. यंदा अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आली आहे, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकाव्यात असा विचार आहे. त्यासाठी माझ्याकडे एकूण तीन हजार रुपये आहेत.

अडचण मजकुराची आहे. गेल्या वर्षी मी प्रत्येक पोस्टमध्ये ‘चार तासांत पूर्ण विरघळते’ असे लिहिले होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी एका ग्राहक काकूंनी बादलीचा फोटो पाठवला, त्यात धडाचा गोळा तसाच बसलेला होता. मला फार वाईट वाटले. मे महिन्याच्या अखेरीस घडवलेली एक नऊ इंची मूर्ती मी परवा सकाळी सात वाजता बादलीत ठेवून पाहिली. दुपारपर्यंत मुकुट, कान आणि हात गळून गेले होते, पण दुसऱ्या सकाळी नारळाएवढा गोळा शिल्लक होता आणि रंगाचे पापुद्रे वर तरंगत होते. शाडू शुद्ध आहे, त्यात प्लास्टर मुळीच नाही. मग पोस्टमध्ये काय लिहावे आणि कोणते फोटो द्यावेत?

ठाणे_पूर्व_७२
ताई, आपण फोटोंवरच भर द्यावा. मी दोन वर्षांपूर्वी व्यावसायिक छायाचित्रकाराला बोलावून अठरा हजार रुपये खर्च केले आणि त्या हंगामात माझ्या सर्व मूर्ती नारळी पौर्णिमेच्या आतच आरक्षित झाल्या. लोक मजकूर वाचत नाहीत, डोळे आणि आखणी पाहतात. तीन हजारांत काहीच होणार नाही, निदान दहा हजार तरी बाजूला काढावेत.

सांगलीची_सून
तुम्हाला मूर्ती घ्यायचीच असेल तर पोस्ट पाहून घेऊ नका, पेणला किंवा हमरापूरला स्वतः जा. आम्ही गेल्या वर्षी सगळे कुटुंब मिळून गेलो होतो. मी मूर्ती उलटी करून पाटाखालचा न रंगवलेला भाग पाहिला, नखाने जरासे खरवडले आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मुरून बोटाला चिखल लागला तर माती, आणि पांढरी भुकटी निघून खालचा भाग कडकच राहिला तर प्लास्टर. मी तिथल्या तिथे दोन मूर्ती नाकारल्या.

डोंबिवलीची_माती
ताई, मी विकत घेणारी नसून विकणारी आहे. मात्र पाटाखालचा भाग न रंगवता ठेवण्याची गोष्ट माझ्या उपयोगाची आहे. मी आजवर तोही रंगवत आले.

पेणचा_साचेकार
आमच्या घरी ही तिसरी पिढी मूर्ती करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ताई, तुमच्या शाडूत दोष नाही. दोष ओलीत आहे. माती पूर्ण सुकलेली असेल तर पाणी तिच्या बारीक छिद्रांत वेगाने शिरते, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि माती आतून फुटून ढासळते. तीच माती आतून ओलसर राहिली असेल तर छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असतात. मग ती ढासळत नाही, नुसती मऊ होऊन गोळ्यासारखी बसून राहते. तुमचे हात आणि कान पातळ असल्यामुळे सुकले होते. धड सुकले नव्हते. जूनच्या दमट हवेत भरीव धड तीन आठवड्यांत सुकणे शक्यच नाही.

तुम्ही मूर्ती हाताने घडवता की साच्यातून काढता, आणि नऊ इंची मूर्तीचे वजन किती भरते?

डोंबिवलीची_माती
दादा, हाताने घडवते आणि भरीवच घडवते. बादलीत ठेवलेल्या मूर्तीचे वजन चार किलोंच्या आसपास होते.

पेणचा_साचेकार
मग उत्तर मिळालेच. मूर्ती घट्ट झाली, पण तारेच्या कोरणीने कोरता येते, अशा वेळी पाटाच्या बाजूने आतली माती काढून घ्यावी आणि भिंत सर्वत्र साधारण बोटभर जाडीची ठेवावी. त्यामुळे वजन अडीच किलोंपर्यंत उतरेल, मूर्ती आतून-बाहेरून सारखी सुकेल आणि भेगाही कमी पडतील. सुकली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण वरचा थर पांढुरका दिसू लागला तरी पोटात ओल असते. मूर्ती तोलून वजन लिहून ठेवावे आणि दोन दिवसांनी पुन्हा तोलावे. वजन उतरले असेल तर ती अजून सुकते आहे आणि तिला रंग लावू नये. ओल्या मातीवर रंग चढवला की ओल आत कोंडते.

रंगाचे पापुद्रे तरंगले याचा अर्थ तुम्ही प्लास्टिकच्या चिकट रंगाचा जाड हात दिला असावा किंवा वरून व्हार्निश मारले असावे. तो थर फाटल्याशिवाय पाणी आत जात नाही. पाण्यात मिसळणाऱ्या साध्या रंगांचा पातळ हात द्यावा आणि चमक हवी असेल तर ती डोळ्यांपुरतीच ठेवावी.

कोथरूड_गृहिणी
एवढ्या खोलात जाण्याची गरज नाही असे मला वाटते. आम्ही दरवर्षी बादलीत गरम पाणी घालतो आणि मूर्ती दोन तासांत विरघळते. नंतर ते सगळे पाणी गाळासकट तुळशीला घालतो. पोस्टमध्ये ‘विसर्जनानंतर तुळशीला घाला’ असे जरूर लिहा, बायकांना ते फार भावते.

पेणचा_साचेकार
ताई, तुमची मूर्ती छोटी आणि नीट सुकलेली असणार, म्हणून दोन तास लागले असावेत. तुळशीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. शाडू अतिशय बारीक कणांची माती आहे. ती कुंडीत थराने ओतली तर वाळून पापडीसारखी कडक होते आणि मुळांपर्यंत पाणी जात नाही. नेहमीच्या मातीत मूठ-दोन मुठी मिसळणे ठीक आहे. बाकीचा गाळ तळाशी बसू द्यावा, वरचे पाणी ओतून टाकावे आणि माती पुन्हा मूर्तीसाठी वापरावी.

औंधचा_रसायनवाला
गोळा राहिलाच तर अमोनियम बायकार्बोनेट वापरायला सांगा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत दिली आणि महापालिकेने ते नागरिकांना वाटले. आमच्या सोसायटीत मूर्ती दोन दिवसांत विरघळल्या.

पेणचा_साचेकार
ती पद्धत प्लास्टर ऑफ पॅरिससाठी आहे. प्लास्टरमधील कॅल्शियम सल्फेटशी त्याची अभिक्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट तयार होते. शाडूत ते कॅल्शियम सल्फेटच नसते, त्यामुळे ताईंच्या ग्राहकांनी ते आणून काहीच साधणार नाही. उलट ‘ही मूर्ती प्लास्टरची होती का?’ असा संशय येईल.

औंधचा_रसायनवाला
मान्य, पण पुष्कळ लोक शाडूच्या नावाने मिश्र माती विकतात. अशा वेळी ग्राहकाने काय करावे, हेही पोस्टमध्ये असले पाहिजे.

नाशिक_रोडचे_आजोबा
एक वेगळा मुद्दा मांडतो. गणपतीची घडवलेली मूर्ती जाहिरातीसाठी बादलीत बुडवून तिचे चित्रीकरण दाखवणे मला रुचत नाही. प्राणप्रतिष्ठा झालेली नसली तरी पाहणाऱ्याच्या मनात ती मूर्तीच असते, आणि हात-कान गळताना पाहून घरातल्या लहान मुलांना वाईट वाटते. त्याच मातीची साधी चकती करावी, तिला तोच रंग द्यावा आणि ती पाण्यात सोडून दाखवावी.

ठाणे_पूर्व_७२
आजोबा, विरघळणाऱ्या मूर्तीचा व्हिडिओच सर्वांत जास्त पाहिला जातो. माझ्या एका व्हिडिओला जेवढे फोन आले तेवढे वर्षभराच्या फोटोंना आले नाहीत. ताईंनी पूर्ण सुकलेल्या मूर्तीचा व्हिडिओ करावा आणि त्यावर तास लिहावेत. आणि फोटोंसाठी छायाचित्रकार बोलवावा, हे पुन्हा सांगतो.

पुठ्ठेवाली_पनवेल
मूर्तीविषयी सर्वांनी लिहिले, मखरांविषयी मी लिहिते, कारण माझी फजिती तिथे झाली. मी थर्माकोल सोडून पुठ्ठ्याची मखरे केली आणि ‘शंभर टक्के पर्यावरणपूरक’ असे लिहिले. एका ग्राहकाने मखरावरचा सोनेरी कागद हळूच फाडून दाखवला. कागद फाटला, पण वरचा सोनेरी पापुद्रा ताणला जाऊन लोंबत राहिला, म्हणजे तो प्लास्टिकचा होता. चमकीची भुकटीही बहुधा प्लास्टिकचीच असते. तेव्हापासून मी साधा रंगीत कागद, जुन्या साड्यांचे काठ आणि सुतळी वापरते आणि पोस्टमध्ये प्रत्येक मखर कशाकशाचे आहे तेवढेच लिहिते. मखराची घडी घालून ते पुढच्या वर्षी वापरता येते, हे सांगितल्यावर जास्त विचारणा होते.

कोथरूड_गृहिणी
सोनेरी कागदाचे खरे आहे, आमच्याकडेही तसेच झाले होते. पण गरम पाण्याचा उपाय करून पाहा.

पेणचा_साचेकार
ताई, पोस्टमध्ये तास लिहावेतच असे माझे मत आहे. सुकलेल्या, पोकळ केलेल्या नऊ इंची मूर्तीला रात्रभर लागते असे लिहा. बादली मूर्तीच्या उंचीपेक्षा खोल असावी, मूर्ती पूर्ण बुडावी आणि पाणी ढवळू नये, हेही लिहा. ढवळल्याने वरचा चिखल गोळ्याभोवती लपेटतो.

डोंबिवलीची_माती
सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन दिवसांत मी तीन मूर्ती पाटाच्या बाजूने कोरल्या आहेत. चार दिवसांपूर्वी सुकली समजून रंगवायला घेतलेली एक मूर्ती तोलून पाहिली, तर दोन दिवसांत तिचे वजन नव्वद ग्रॅमने उतरले. मी ती रंगवणारच होते.

बराच विचार करून मी असे ठरवले आहे की व्हिडिओही करायचा नाही आणि तासही लिहायचे नाहीत. ग्राहकाच्या घरी बादली केवढी असेल आणि त्या आठवड्यात हवा किती दमट असेल हे माझ्या हातात नाही, आणि गेल्या वर्षी दिलेला शब्द खोटा ठरल्याचे मला अजून लागते. तीन हजारांतून मी जाहिरात न करता एक चांगला वजनकाटा घेतला आहे आणि उरलेल्या पैशांत कापडी पिशव्या शिवून घेणार आहे. पहिल्या पोस्टचा मजकूर असा लिहिला आहे:

‘शाडूची हाताने घडवलेली, आतून पोकळ मूर्ती. उंची पाटापासून मुकुटापर्यंत नऊ इंच, वजन सुमारे अडीच किलो, डाव्या सोंडेची. पाण्यात मिसळणारे रंग, व्हार्निश फक्त डोळ्यांवर. पाटाखालचा भाग मुद्दाम रंगवलेला नाही, मूर्ती घेताना तिथे पाण्याचा थेंब टाकून पाहावा. प्रत्येक मूर्तीसोबत तिच्या वजनाच्या दोन नोंदी मिळतील, दोन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या. दोन्ही सारख्या असल्याशिवाय मूर्ती रंगवली जात नाही. विसर्जनानंतरची माती वाळवून परत आणून दिल्यास ती पुढच्या मूर्तीत वापरली जाईल. किंमत अठराशे रुपये.’

मखरांच्या पोस्टमधून ‘शंभर टक्के’ हे शब्द काढले आहेत. सोनेरी कागद फाडून पाहिला, तो प्लास्टिकचाच निघाला. तो यंदा वापरणार नाही.

ठाणे_पूर्व_७२
मजकूर प्रामाणिक आहे, पण फार लांब झाला आहे. एवढे कोणी वाचणार नाही.

पेणचा_साचेकार
वजनाच्या नोंदी देण्याची कल्पना मीही आमच्या कारखान्यात सुरू करणार आहे. तासांबाबत मात्र मी अजून सहमत नाही. दोन दिवसांनी वजन पाहणारा ग्राहक शंभरात एखादा असतो, पण ‘किती वेळ लागेल?’ हे प्रत्येक जण विचारतो. तुम्ही लिहिले नाही, तर ‘दोन तासांत’ असे लिहिणाऱ्याकडे तो जाईल.

डोंबिवलीची_माती
दादा, फोनवर विचारले तर रात्रभर ठेवा असे मी सांगेन. लिहून मात्र देणार नाही.