शब्दचर्चा : ‘अॅक्सिलरेटेड डेप्रिसिएशन’ला मराठीत काय म्हणावं?

लेखणीवाली : सौर प्रकल्पांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. डेप्रिसिएशनला ‘घसारा’ आहेच. ‘अॅक्सिलरेटेड’ला त्वरित, वेगवान की प्रवेगी? आणि त्यातून मिळणाऱ्या फायद्याला ‘करमाफी’ म्हटलं तर चालेल ना?

बापू_कोल्हापूर : ‘करमाफी’ बरोबर आहे. पहिल्या वर्षी कर भरावाच लागत नाही, म्हणजे माफीच. ‘प्रवेगी’ मात्र नको, भौतिकशास्त्राचा तास आठवतो.

खतावणी : ‘प्रवेगी’बद्दल सहमत, मी ‘जलद घसारा’ लिहीन. पण ‘माफी’ चुकीची आहे. महसुलात दोन वेगळे शब्द आहेत, सूट आणि तहकुबी. सूट मिळाली की शेतसारा गेला. तहकुबीत यंदाची वसुली थांबते, सारा अंगावर राहतोच. जलद घसारा ही तहकुबी आहे.

10 लाखांची यंत्रं घ्या. साध्या यंत्रांना आयकरात 15 टक्के घसारा, सौर यंत्रांना 40 टक्के, दोन्ही उरलेल्या किमतीवर. साधा घसारा पहिल्या वर्षी 1,50,000, जलद 4,00,000. फरक अडीच लाखांचा, करपात्र उत्पन्न तेवढं कमी, म्हणून 30 टक्के दराने 75,000 रुपये कर त्या वर्षी वाचला. दुसऱ्या वर्षी 1,27,500 विरुद्ध 2,40,000, तिसऱ्या वर्षी 1,08,375 विरुद्ध 1,44,000. चौथ्या वर्षी काटा फिरतो : साधा घसारा 92 हजारांवर, जलद 86,400. तोवर न भरलेला कर साधारण 1,19,000 झालेला असतो, तो तिथून पुढे थोडा थोडा परत जातो, कारण दोन्ही रस्त्यांनी एकूण वजावट 10 लाखांपुढे जात नाही. फायदा असतो तो इतकी वर्षं पैसा बिनव्याजी हाताशी राहिल्याचा.

बापू_कोल्हापूर : पण दरवर्षी नवीन यंत्र घेत गेलो तर? जुन्याचा कर परत करायच्या वर्षी नव्याचा घसारा येतो. मग कधीच भरायला नको.

खतावणी : तेवढं खरं. वाढत्या कंपनीच्या ताळेबंदात ‘स्थगित कर’ ही रक्कम वर्षानुवर्षं फुगत जाते. पण खरेदी थांबली की उतरणीला लागते. कर्ज फिरवत राहिलं म्हणून ते माफ झालं, असं आपण म्हणत नाही.

ओसरी : आमच्या घरावर 3 किलोवॉटचं सोलर बसवलंय. मग मला 40 टक्के मिळतील का? पगारदार आहे.

खतावणी : नाही. घसारा धंद्याच्या किंवा व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा होतो, पगारातून नाही. घरगुती सोलरचं अनुदान ही वेगळी गोष्ट. धंद्यातही दोन ठिकाणी माणसं फसतात. नुसतं बिल पुरत नाही, संच वापरात यावा लागतो. त्या आर्थिक वर्षात वापर 180 दिवसांहून कमी भरला, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. म्हणजे 3 ऑक्टोबरपर्यंत सुरू झाला तर पूर्ण. मार्चअखेर घाईने बसवलेल्या पॅनेलवर 40 ऐवजी 20 टक्के मिळतात. दुसरं म्हणजे नफाच नसेल तर यंदा हातात काही येत नाही, न वापरलेला घसारा फक्त पुढे ओढला जातो.

लेखणीवाली : मूळ लेखात ‘इन्व्हेस्टमेंट अलाउन्स’ही त्याच वाक्यात आलाय. दोन्ही ‘तहकुबी’च म्हणू?

चौकट : इथे थांबा. 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 32एसी पाहा. 2013 मध्ये आलं. कंपनीने नव्या यंत्रसामग्रीत 100 कोटींहून जास्त घातले (ही मर्यादा पुढे 25 कोटी झाली), तर किमतीच्या 15 टक्के जादा वजावट मिळायची; मार्च 2017 नंतरच्या गुंतवणुकीला ती बंद झाली. घसारा मोजायची किंमत त्याने कमी होत नसे. म्हणजे 100 रुपयांच्या यंत्रावर शेवटी 115 रुपयांची वजावट. ही तहकुबी नाही, सूटच. फक्त यंत्र 5 वर्षांच्या आत विकलं तर ती वजावट पुन्हा उत्पन्नात धरली जायची. ‘गुंतवणूक भत्ता’ लिहू नका, भत्ता म्हटलं की महागाई भत्ताच डोळ्यांपुढे येतो. ‘गुंतवणूक वजावट’ लिहा.

खतावणी : मान्य. दोन्हींना एका वाक्यात ‘कर पुढे ढकलणाऱ्या सवलती’ म्हणणं भारतापुरतं तरी चुकेल.

चौकट : पण तुमची तहकुबीही दर तोच राहील असं गृहीत धरते. तुमचेच आकडे घ्या. कर ढकलला 30 टक्क्यांनी, चौथ्या वर्षापासून कंपनी 22 टक्क्यांच्या पर्यायात गेली, तर 1,19,000 पैकी साधारण 87,500 परत जातील. उरलेले जवळपास 32 हजार कायमचे वाचले. याला काय म्हणायचं?

खतावणी : दर उतरल्याचा फायदा म्हणायचं, घसाऱ्याचा नाही. दर चढला असता तर उलट जास्त भरावं लागलं असतं.

चौकट : मला नाही पटत. जलद घसारा नसता तर सगळा कर 30 टक्क्यांनीच भरला असता, ते 32 हजार वाचलेच नसते.

लेखणीवाली : तूर्त ‘जलद घसारा’, ‘गुंतवणूक वजावट’ आणि ‘कराची तहकुबी’ घेते. ‘तहकुबी’ शहरी वाचकाला सभेचीच वाटेल, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे सोबत शेतसाऱ्याचं एक वाक्य घालते.