घरच्या कॅमेऱ्याचा एकच पासवर्ड सगळ्यांकडे आहे, गेलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं?

औसा रोड
लातूरला आमचं घर आहे, वरच्या मजल्यावर ट्यूशनची पोरं भाड्यानं राहतात. तीन वायफाय कॅमेरे आहेत: एक गेटवर, एक व्हरांड्यात, एक वर जाणाऱ्या जिन्याकडे तोंड करून. बसवले तेव्हा दुकानवाल्याच्या पोरानं वडिलांच्या मोबाईल नंबरावर ॲपमध्ये खातं उघडून दिलं. तोच नंबर आणि तोच पासवर्ड वडील, मी, पुण्याचा भाऊ, संभाजीनगरची बहीण असे सगळेच वापरतात.

नीटच्या तयारीसाठी वडिलांचा एक भाचा आमच्याकडे राहायला होता. रात्री उशिरा येणाऱ्याला गेट उघडून द्यायला बरं पडावं म्हणून त्यालाही पासवर्ड दिला. आता तो कॉलेजला दुसरीकडे गेलाय. पण आईला अधूनमधून फोन येतो, "मामी, आज पांढऱ्या गाडीतनं कोण आलं होतं?" पोरगा वाईट नाही, पण आईला आता अंगणात वाळवण घालायलाही अवघडल्यासारखं होतंय.

मला एवढंच पाहिजे: सगळं चालवणारा एक, बाकीच्यांना फक्त बघता यावं, आणि भाचा बाहेर. ओटीपीवालं दुहेरी लॉगिनही चालू करायचंय. पण ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो आणि ते दिवसभर शेतात, तिथं रेंज नाही. कुणी केलंय का हे?

बीडचा बाळू
शेतासाठी असेल तर ४जी सिमवाला सोलर कॅमेरा घ्या दादा. वायफायची कटकटच नाही, लोडशेडिंगमध्येही चालतो. मी विहिरीवर मोटारीपाशी लावलाय, मस्त आहे.

औसा रोड
बाळूभाऊ, कॅमेरे आहेत, चांगले चाललेत. ते कोण कोण बघतंय हा प्रश्न आहे.

परभणीकर
लई डोकं लावायची गरज नाही. राउटरचा वायफाय पासवर्ड बदला, भाच्याचं बघणं तिथंच बंद. खात्याचा पासवर्ड पण बदलून टाका. झालं काम.

कॅमेरेवाला जालना
दुसरं अर्धं बरोबर आहे, पहिलं नाही. भाचा तुमच्या वायफायवरून बघतच नाही. कॅमेरा घरच्या नेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि भाचा त्याच्या मोबाईल डेट्यावर त्याच सर्व्हरवरून चित्र घेतो. वायफायचा पासवर्ड बदलला तर तीनही कॅमेरे ऑफलाईन जातील, शिडी लावून एकेक परत जोडत बसाल. भाच्याचं लॉगिन मात्र जसंच्या तसं राहील.

खात्याचा पासवर्ड बदलायचाच आहे, पण त्याआधी एक गोष्ट बघा: मालक कोण आहे? आमच्या धंद्यातच ही सवय आहे. गिऱ्हाईकाला घाई असते, मग फिटर स्वतःच्या खात्यात कॅमेरा जोडतो आणि तिथून गिऱ्हाईकाला शेअर करून देतो. चित्र दिसतं म्हणून गिऱ्हाईक खूष, मालकी मात्र फिटरकडे. ॲपमध्ये एकेका कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. दुसऱ्याला शेअर करायचा पर्याय आणि फर्मवेअर अपडेट दिसत असेल तर मालक तुम्हीच. कॅमेऱ्याच्या नावाशी "शेअर केलेला" अशी खूण असेल आणि सेटिंगमध्ये दोन-चारच गोष्टी उघडत असतील, तर मालक दुसराच कुणीतरी आहे.

औसा रोड
बघितलं. गेट आणि व्हरांडा वडिलांच्याच नावावर आहेत. जिन्याच्या कॅमेऱ्यावर मात्र शेअरची खूण आहे! तो नंतर बसवला होता. रिसेटचं बटण दाबून नव्यानं जोडला तर?

कॅमेरेवाला जालना
बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यात रिसेटनं वायफाय आणि सेटिंग पुसलं जातं, मालकी पुसली जात नाही. ती सर्व्हरवर सिरियल नंबराला बांधलेली असते. रिसेट करून जोडायला गेलात की "हे उपकरण दुसऱ्या खात्यात आहे" असं येतं आणि हातचं चित्रही जातं. म्हणून आधी फिटरला फोन करा, त्याला त्याच्या ॲपमधून तो कॅमेरा डिलीट करायला सांगा, मग तुमच्या खात्यात जोडा. त्यानं फोन नाही उचलला तर कंपनीच्या ग्राहक सेवेला बिलाचा आणि कॅमेऱ्याखालच्या स्टिकरचा फोटो पाठवावा लागतो. म्हणून बिल सापडतंय का ते आजच बघून ठेवा. क्लाउडवर रेकॉर्डिंग ठेवत असाल तर लागणाऱ्या क्लिपा आधी उतरवून घ्या, डिलीट केल्यावर त्या जाऊ शकतात.

नांदेडची काकू
माझंही असंच झालंय बाई. दुकानात आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आहे. भागीदार वेगळा झाला, मी माझ्या मोबाईलमधून त्याचं नाव काढलं, तरी त्याला गल्ल्यावर कोण बसलंय ते कळतंय. माझा मुलगा म्हणतो ॲप काढून परत टाक. टाकलं, काही फरक नाही.

कॅमेरेवाला जालना
काकू, तुमचं प्रकरण वेगळं आहे. डीव्हीआरच्या आत स्वतःची वापरकर्त्यांची यादी असते, मोबाईलच्या ॲपशी तिचा संबंध नसतो. भागीदारानं त्याच्या फोनवर डीव्हीआरचा सिरियल नंबर आणि ॲडमिनचा पासवर्ड टाकून थेट जोडलं असणार. तुम्ही तुमच्या ॲपमध्ये काहीही केलंत तरी त्याला धक्का लागत नाही. दुकानातल्या टीव्हीवर डीव्हीआरचा मेनू उघडा, ॲडमिनचा पासवर्ड बदला. त्याच यादीत आणखी कुणाचं नाव असेल तर काढा. मग नोकरमाणसासाठी वेगळा वापरकर्ता करा आणि त्याला फक्त लाइव्ह बघायचा हक्क द्या, जुनं रेकॉर्डिंग आणि सेटिंग नको. ॲडमिनचा पासवर्ड मोबाईलमध्ये कुणालाच टाकून देऊ नका, आम्हा फिटर लोकांनाही नाही.

औसा रोड
फिटरनं कॅमेरा सोडला, जिन्याचा आता आमच्या खात्यात आला. पण मालक कुणाला करू? भाऊ म्हणतो त्याच्या खात्यात घे, तो कॉम्प्युटरवालाच आहे.

तेरणाकाठ
घर वडिलांचं, खातं वडिलांचंच राहू द्या. आज भावाच्या नावावर कॅमेरे, उद्या वाटणीत अजून काय काय निघेल.

कॅमेरेवाला जालना
तो घरचा मामला आहे, मी त्यात पडत नाही. तांत्रिक बाजू एवढीच, की बहुतेक ॲपमध्ये मालक एकच असतो आणि पासवर्ड विसरला की सगळं त्याच्या नंबरावर किंवा ईमेलवर येऊन थांबतं. वडिलांचं सिम रिचार्जविना पडून राहतं का? ९० दिवस वापर नसला तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. मग ओटीपी त्या अनोळखी माणसाला जाणार. म्हणून मालक कुणीही असो, खात्याला ईमेल जोडा, आणि त्या ईमेलचा पासवर्ड आधी बदला. भाच्याला तोही माहीत असेल तर बाकीचं सगळं फुकट आहे.

आता क्रम सांगतो. ईमेल झाल्यावर कॅमेरा खात्याचा पासवर्ड बदला. मग "लॉगिन असलेली उपकरणं" किंवा "विश्वासू उपकरणं" अशी यादी असते तिथं जा आणि तुमचा हातातला फोन सोडून सगळे काढा. नुसता पासवर्ड बदलला तर काही ॲप आधीच उघडं असलेलं लॉगिन चालू ठेवतात. आणि विश्वासू यादीतल्या फोनला ओटीपी विचारलाच जात नाही, म्हणजे भाच्याचा फोन त्या यादीत राहिला तर दुहेरी लॉगिनचा त्याला काही अडसर नाही.

त्यानंतर दुहेरी लॉगिन चालू करा. ॲपमध्ये ऑथेंटिकेटरचा पर्याय असेल तर तोच घ्या, त्याचा कोड फोनमध्येच तयार होतो, रेंज लागत नाही. नसेल तर ईमेलवर कोड घ्या. बॅकअप कोड मिळाले तर कागदावर लिहून कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा. स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

सगळ्यात शेवटी वाटणं. भाऊ, बहीण, आई यांनी आपापल्या नंबरावर स्वतःचं खातं उघडायचं आणि मालकानं प्रत्येकाला एकेक कॅमेरा शेअर करायचा. ओटीपीसाठी वडिलांना फोन करायचा प्रश्न इथंच संपतो, कारण प्रत्येकाचा कोड त्याच्याकडेच जाणार. उद्या कुणाला काढायचं झालं तर त्याचं एकट्याचं नाव काढायचं, पासवर्डाला हात लावायला नको.

परभणीकर
पण ते काढलं गेलं हे कळायचं कसं? भाच्याचा फोन थोडाच आपल्या हातात असतो.

कॅमेरेवाला जालना
चांगला प्रश्न. बहिणीचा फोन वापरा, तिचंही जुनं लॉगिन भाच्यासारखंच आहे. हे सगळं करण्याआधी तिला सांगा: वायफाय बंद कर, मोबाईल डेट्यावर गेटचा कॅमेरा उघडून ठेव. पासवर्ड बदलून उपकरणं काढल्यावर तिला चित्र बंद करून परत उघडायला सांगा. लॉगिन मागितलं तर ठीक, चित्र दिसलं तर कुठंतरी राहिलंय. आधीपासून चालू असलेलं चित्र थोडा वेळ चालतं, त्यावरून ठरवू नका. मग गेटसमोरून कुणाला तरी चालायला लावा आणि तिच्या फोनवर हालचालीचं नोटिफिकेशन येतंय का बघा. काही ॲपमध्ये चित्र बंद होतं पण फोटोसकट नोटिफिकेशन येत राहतं. तसं झालं तर कंपनीला कळवावं लागतं.

औसा रोड
केलं. बहिणीला लॉगिन मागितलं, नोटिफिकेशनही बंद झालं. मग सगळ्यांना वेगवेगळं शेअर केलं. पण आमच्या ॲपमध्ये "फक्त बघणे" असा एकच प्रकार आहे, आणि त्यातही बोलायचं बटण चालतंय. भाऊ पुण्यातनं गेटवर दूधवाल्याशी गप्पा मारायलाय.

कॅमेरेवाला जालना
हक्क किती बारीक वाटता येतात ते कंपनीवर आहे. काही ॲपमध्ये लाइव्ह, जुनं रेकॉर्डिंग, बोलणं, कॅमेरा फिरवणं वेगवेगळं देता येतं, काहीत सगळं एकत्र. तुमच्यात नसेल तर भावालाच सांगा. आणखी एक राहिलं: कॅमेऱ्याच्या प्रगत सेटिंगमध्ये कॉम्प्युटरवर बघण्यासाठी वेगळं नाव-पासवर्ड करून ठेवलं असेल तर तेही बदला. ते ॲपच्या खात्यापासून वेगळं असतं आणि घरच्या नेटवर असलेल्या कुणालाही चालतं. परभणीकर म्हणतात तो वायफायचा पासवर्ड या एका कारणासाठी बदलणं बरोबर आहे, विशेषतः भाच्याला आणि वरच्या पोरांना तोच दिलेला असेल तर.

नांदेडची काकू
डीव्हीआरचा पासवर्ड बदलला. दुसऱ्याच दिवशी भागीदाराचा फोन, "कॅमेरे बंद पडलेत का?" मी म्हटलं, हो, दुरुस्तीला दिलेत.

तेरणाकाठ
मला एक विचारायचंय. जिन्यात वरच्या पोरांचं येणंजाणं दिसतं. त्यांच्या आईबापांना माहीत आहे का? आणि ते पुण्या-संभाजीनगरच्या फोनवर कशाला पाहिजे?

औसा रोड
कॅमेरा आहे हे भाडं ठरवतानाच सांगतो. पण भाऊ-बहिणीला तो कशाला, हे खरंय. जिन्याचा फक्त वडिलांकडे आणि माझ्याकडे ठेवतो, दोघांच्या शेअरमधनं काढला. भाच्याला मात्र अजून काही सांगितलेलं नाही. आई म्हणते सांगू नको, बहीण म्हणते कळल्यावर जास्त वाईट वाटेल.

बीडचा बाळू
सांगून टाका. ॲप बदललं म्हणा.

कॅमेरेवाला जालना
ॲप बदललं म्हटलं की तो नव्याचं लॉगिन मागणार, बाळूभाऊ.