अभिप्राय हवाय? त्यांचंच वाक्य परत पाठवा

> क्लायंट खूश आहेत, 'लिहून देतो' म्हणतात, पण येत काहीच नाही. किती वेळा आठवण करायची?

आठवण नको, त्यांचं काम कमी करा. कोरं पान दिसलं की माणूस टाळतोच. जुने मेसेज चाळा. एका किचनच्या कामानंतर काकूंनी सहज लिहिलं होतं, "ओटा उंच केल्यापासून कंबर दुखत नाही." मी तेवढंच परत पाठवलं: "काकू, हे वेबसाइटवर टाकू का? नाव देऊ की नुसतं 'कोथरूड'? नको असेल तर बिनधास्त सांगा." लगेच उत्तर आलं, "टाक की, नुसतं कोथरूड."

मजकूर स्वतः रचून मात्र पाठवू नका. सगळे अभिप्राय एकाच हातचे वाटतात. मेसेज नसेलच, तर एकच प्रश्न विचारा: "काम देण्याआधी कसली धास्ती होती?"