मदत हवी आहे: किटोचा नववा दिवस, पाय दगड झालेत

शिवाजी पार्काला रोज सकाळी चार फेऱ्या धावते. नऊ दिवसांपूर्वी भात-पोळी बंद करून किटो सुरू केलं. वजन अडीच किलो उतरलं, पण त्यातलं बरंचसं पाणीच असणार. साठवलेलं ग्लायकोजेन संपताना सोबतचं पाणीही जातं. सावकाश धावताना निभतं. वेग वाढवला की दोन मिनिटांत पाय दगड. काल उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, रात्री पोटरीत गोळा.

इन्सुलिन कमी झालं की लघवीवाटे मीठ जास्त जातं, त्यात हा मुंबईचा घाम. आणि मी शहाणी, मीठही कमी केलं होतं! बीपी नॉर्मल आहे, म्हणून आजपासून मीठ घातलेलं सूप घेतेय. कुणाची अंधारी अशी थांबली का, किती दिवसांत? आणि जोरात धावण्याचा वेग नंतर परत आला, की कर्बोदकांशिवाय येतच नाही?

भावोजींनाही सुरू करायचंय. ते डायबेटिससाठी डापाग्लिफ्लोझिन घेतात. त्या गोळीवर किटो केलं तर साखर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको म्हटलंय. ऐकत नाहीत. कसं समजावू?