क्यूआरवरही दोन टक्के जादा? साताऱ्यातल्या दुकानावरून पेटलेली चर्चा

सातारकर_नि: राजवाड्याजवळ आठ हजारांचा मिक्सर घेतला. क्रेडिट कार्ड काढलं तर दुकानदार म्हणाला दोन टक्के जादा. बरं, यूपीआय करतो म्हटलं, तरी तेच! हे चालतं का?

विश्रामबागचा दुकानदार: यूपीआयवर मागणं साफ चूक. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर आणि रुपे डेबिटवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्कच नाही. क्रेडिट कार्डाचं दुखणं मात्र खरं आहे. माझा दर दोन टक्के. आठ हजारांवर १६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २८.८०. मिक्सरवर मला सुटतात पाचशेच्या आसपास. त्यातले १८९ बँकेला दिले, तर भाडं आणि पोराचा पगार कशातून काढू?

कायदाप्रेमी: रिझर्व्ह बँकेनं सगळ्याच कार्डांवर जादा आकारणीला बंदी घातली आहे. तक्रार करा, विषय संपला.

विश्रामबागचा दुकानदार: सगळ्या नाही. डिसेंबर २०१७ चं परिपत्रक डेबिट कार्डाचं आहे. वीस लाखांपर्यंत उलाढाल असेल तर शुल्क जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि ते गिऱ्हाइकाकडून घ्यायचं नाही. क्रेडिटच्या दराला तशी मर्यादाच नाही. तिथं मनाई असते ती बहुतेक वेळा बँकेशी केलेल्या करारात.

मिरजेची वहिनी: आमच्या किराणा दुकानातल्या बोलणाऱ्या डब्याचं भाडं दर महिन्याला कापतात. पैसे आले तरी कधी कधी डबा गप्पच, गिऱ्हाईक उभं, मी मोबाईल चाळतेय! यूपीआय फुकट आहे असं आम्हाला सांगू नका.

सातारकर_नि: वहिनी, ते भाडं तर महिन्याचं ठरलेलं. ते माझ्या मिक्सरवर टक्क्यानं का लावायचं?

कऱ्हाडचा हिशेबनीस: खरं कारण वेगळंच असतं. खात्यात आलेला पैसा करवाल्यांना दिसतो, गल्ल्यातला दिसत नाही. दोन टक्के मागून लोकांना रोखीकडे वळवायचं, एवढंच.

विश्रामबागचा दुकानदार: सगळ्यांना चोर ठरवू नका! मी प्रत्येक विक्रीचं बिल फाडतो.

कऱ्हाडचा हिशेबनीस: तुमच्यावर बोललो नाही. पण प्राप्तिकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीवर आठ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्यावर सहा. म्हणजे प्रामाणिक छोट्या दुकानदाराला यूपीआयच स्वस्त. तरी क्यूआरवर जादा मागतो, तर मी शंका घेणारच.

विश्रामबागचा दुकानदार: सहा टक्क्यांचं मान्य. पण वर्षाअखेर वाचणाऱ्या कराने आज घाऊक व्यापाऱ्याला द्यायचे पैसे उभे राहत नाहीत. मी पाटीवर ८,१६० लिहितो, छापील किमतीच्या आतच, आणि रोख किंवा यूपीआयला १६० सोडतो. गिऱ्हाइकाला आधीच कळतं.

कायदाप्रेमी: म्हणजे कार्डवाल्याकडून तेवढेच जादा काढले! फरक काय पडला?

विश्रामबागचा दुकानदार: पैशात काही नाही. पण पाटी वाचून तो पुढच्या दुकानात जाऊ शकतो. बिल झाल्यावर वाढवलं तर तो अडकतो.

सातारकर_नि: मला बिल झाल्यावरच सांगितलं होतं. मिक्सर पॅक करून काउंटरवर ठेवला होता.